चटणी-भाकरीच्या वितरणासाठी गाडी घ्यावी की लीजवर चालवावी: हिशेब गाडीच्या पूर्ण आयुष्याचा

प्रश्न : आमची सोलापुरात शेंगा चटणी आणि कडक भाकरीची भागीदारी संस्था आहे, जीएसटी नियमित पद्धतीने भरतो. बँकेला द्यायच्या आराखड्यात वितरणासाठी एक छोटी मालवाहू गाडी दाखवायची आहे. गाडी ५,००,००० रुपये, त्यावर जीएसटी ९०,०००, पासिंग व बंद बॉडीसह आणखी ६०,०००. बँक ५,००,००० रुपये ११.५ टक्के व्याजाने ४ वर्षांसाठी देते, हप्ता १३,०४५ येतो. लीज कंपनी तीच गाडी महिना १७,५०० अधिक जीएसटी या भाड्याने ४ वर्षे देते. विमा, देखभाल, टायर त्यांच्याकडे, महिना २,००० किलोमीटरची मर्यादा, पुढे किलोमीटरला ४ रुपये, ३ महिन्यांची अनामत. हप्ता भाड्यापेक्षा कमी आहे म्हणून गाडी विकत घ्यावी, असे आम्ही लिहिले होते. बँकेचे अधिकारी म्हणतात, ‘ही तुलना चुकीची आहे, गाडीच्या आयुष्याचा हिशेब मांडा.’ तो कसा मांडायचा?

उत्तर : अधिकाऱ्यांचे म्हणणे रास्त आहे, आणि ते आताच सांगितले गेले हे बरे झाले. सोलापूर आणि आसपासच्या छोट्या उद्योगांचे प्रकल्प अहवाल मी गेली वीसेक वर्षे तयार करत आलो आहे आणि गाडीच्या पानावर हीच चूक मला सर्वांत जास्त वेळा दिसली आहे. आपला निष्कर्ष कदाचित बरोबरच ठरेल, परंतु ज्या कारणाने आपण तो काढला ते कारण टिकत नाही.

प्रथम हप्ता आणि भाडे यांच्यात काय काय सामावले आहे ते पाहू. भाड्यात विमा, सर्व्हिसिंग, टायर आणि दुरुस्ती आहे. हप्त्यात यातले काहीच नाही. आपल्या धावेच्या गाडीला पहिल्या ४ वर्षांत विमा आणि देखभाल मिळून सरासरी वर्षाला ५५,००० रुपये लागतील असे मी धरतो. हप्त्यांचे वर्षाचे १,५६,५४० आणि हे ५५,००० मिळून २,११,५४० होतात. भाडे वर्षाला २,१०,०००. म्हणजे पहिली ४ वर्षे दोन्ही मार्गांनी खिशातून जाणारी रक्कम जवळजवळ सारखीच आहे आणि आपल्याला महिन्याला दिसणारा साडेचार हजारांचा फरक प्रत्यक्षात अस्तित्वातच नाही. डिझेल आणि चालकाचा पगार दोन्हीकडे सारखाच असल्याने तो या तुलनेतून काढून टाकावा. तो ठेवला की आकडे फुगतात आणि फरक बारीक दिसू लागतो.

मग मालकीचा फायदा कुठे आहे? तो पाचव्या वर्षापासून पुढे आहे. कर्ज फिटलेले असते, गाडी चालत असते, आणि लीजवर गाडी चालवणाऱ्याला मात्र पुन्हा नव्या गाडीचे पूर्ण भाडे सुरू होते. त्यामुळे या निर्णयाचा गाभा हप्त्याच्या रकमेत नसून एकाच प्रश्नात आहे : ही गाडी आपण प्रत्यक्षात किती वर्षे वापरणार? ४ वर्षांच्या लीजची तुलना ८ वर्षे चालणाऱ्या गाडीशी थेट होऊ शकत नाही. एक तर दोन्ही बाजूंना ८ वर्षे धरावी, म्हणजे एकामागून एक दोन लीज मांडाव्यात, किंवा दोन्ही मार्गांचा दर वर्षाचा सम खर्च, म्हणजे व्याज धरून सगळ्या वर्षांवर सारखा वाटलेला खर्च, काढावा. मी दुसरी रीत वापरतो, कारण तिचे उत्तर शेवटी ‘महिन्याला इतके रुपये’ असे मिळते आणि ते लीजच्या भाड्याशेजारी ठेवून वाचता येते.

या हिशेबात कर्जाचे हप्ते मांडू नयेत. ऐकायला हे विचित्र वाटते. पण ज्या दराने कर्ज मिळते त्याच दराने हप्त्यांचे आजचे मूल्य, म्हणजे पुढच्या रकमांतून मधल्या काळाचे व्याज वजा करून उरणारी रक्कम, काढले तर ते पुन्हा कर्जाच्या मूळ रकमेइतकेच येते, म्हणून गाडी रोखीने घेतली असे समजून पूर्ण किंमत आजच्या तारखेला दाखवणे पुरेसे असते. हप्ते आणि किंमत दोन्ही दाखवली तर तीच रक्कम दोनदा मोजली जाते. व्याजाचा भार दराच्या रूपाने हिशेबात शिरतो. भागीदारी संस्थेला ३० टक्के प्राप्तिकर आणि त्यावर ४ टक्के उपकर, म्हणजे ३१.२ टक्के कर लागतो, ११.५ टक्के व्याजातून तेवढी करबचत वजा केली की ७.९ टक्के उरतात. मी पूर्ण ८ टक्के धरतो.

आता आपल्या गाडीचे ८ वर्षांचे गणित. आपण जीएसटी नियमित भरता आणि मालवाहू गाडीवरची आयटीसी, म्हणजे खरेदीत भरलेल्या जीएसटीची वजावट, मिळते. प्रवासी मोटारीवर असलेली बंदी मालवाहू गाडीला लागू नाही. म्हणून ९०,००० रुपये खर्चात येत नाहीत आणि गाडीची खरी किंमत ५,६०,००० उरते. आयटीसी घेतलेल्या त्या ९०,००० रुपयांवर घसारा मात्र मागता येत नाही. आपल्या विक्रीत जीएसटीमुक्त मालाचा काही वाटा असेल, तर तेवढ्या प्रमाणात आयटीसी सोडावी लागेल. तो वाटा आपल्या कर सल्लागाराकडून नक्की करून घ्यावा.

प्राप्तिकरासाठी घसारा १५ टक्के, तोही दर वर्षी उरलेल्या किमतीवर. अनेक अहवालांत मला इथे ३० टक्के दिसतात. तो दर गाडी भाड्याने चालवणे हाच ज्यांचा धंदा आहे त्यांच्यासाठी आहे. स्वतःचा माल पोहोचवणाऱ्या चटणी कारखान्याला तो मिळत नाही. गाडी दिवाळीच्या मुहूर्तावर घेतली, तर त्या आर्थिक वर्षात तिचा वापर १८० दिवसांपेक्षा कमी भरतो आणि पहिल्या वर्षी निम्माच घसारा मिळतो. आपण ती एप्रिल-मेमध्ये घेणार असे मी धरतो. पहिल्या वर्षी ८४,००० घसारा, त्यावर २६,२०८ रुपये कर वाचतो. आठव्या वर्षी घसारा २६,९२८ वर येतो आणि बचत ८,४०२ उरते. आठही वर्षांच्या बचतीचे आजचे मूल्य सुमारे ९७,२०० होते.

विमा आणि देखभालीचे पहिली ४ वर्षे वर्षाला ५५,००० आणि पुढची ४ वर्षे वर्षाला ८५,०००, करबचत वजा करून, आजच्या मूल्यात २,६७,७०० होतात. पाचव्या वर्षापासून गाडी वर्षातून आणखी दहा दिवस तरी गॅरेजमध्ये उभी राहील असे समजावे. त्या दिवशी बाहेरचा टेम्पो २,००० रुपयांनी घ्यावा लागतो, म्हणजे वर्षाला २०,०००, आजच्या मूल्यात ३३,५००. हा खर्च जवळजवळ कोणीही मांडत नाही. खरे तर जुन्या गाडीचे खरे दुखणे तेच असते, कारण दुकानदार चटणीची वाट पाहत थांबत नाही. तो शेजारच्या पुरवठादाराचा माल फळीवर लावतो.

आठव्या वर्षाच्या शेवटी गाडी विकून १,२५,००० रुपये मिळतील असे धरले आहे आणि त्यांचे आजचे मूल्य ६७,५०० आहे. इथे एक बारकावा आहे. खरेदीच्या वेळी आयटीसी घेतलेली असल्याने जुनी गाडी विकताना आपल्याला विक्रीच्या पूर्ण रकमेवर जीएसटी लावावा लागतो. म्हणजे हातात १,२५,००० पडायचे असतील तर ग्राहकाने १,४७,५०० मोजले पाहिजेत. बाजारात गाडीला १,२५,००० ‘मिळतात’ असे कोणी सांगितले तर ती रक्कम जीएसटीसह आहे की जीएसटीशिवाय, हे आधी विचारावे.

सगळे एकत्र केले की असे दिसते :

| बाब | आजचे मूल्य (रुपये) |
|---|---|
| गाडीची निव्वळ किंमत | ५,६०,००० |
| विमा व देखभाल | + २,६७,७०० |
| बदली टेम्पो | + ३३,५०० |
| घसाऱ्यावरील करबचत | − ९७,२०० |
| विक्रीतून येणारी रक्कम | − ६७,५०० |
| एकूण | ६,९६,५०० |

या रकमेचा वर्षाचा सम खर्च संगणकावर एका सूत्राने निघतो :

```
=PMT(8%,8,-696500)
```

उत्तर सुमारे १,२१,२०० येते. हा करबचत वजा करून उरलेला खर्च आहे. भाड्याशी तुलना करायची तर त्याला ०.६८८ ने भागून कराआधीचा आकडा काढावा आणि १२ ने भागावे, म्हणजे महिन्याला सुमारे १४,७०० रुपये मिळतात. आपली स्वतःची गाडी ८ वर्षे वापरणे म्हणजे विमा-देखभालीसह १४,७०० रुपये महिना भाड्याने गाडी मिळाल्यासारखे आहे. लीजवाला १७,५०० मागतो. त्यात ५२,५०० रुपयांच्या अनामतीवर बुडणारे व्याज जोडले की त्याचा खरा दर १८,००० च्या घरात जातो. महिन्याला ३,३०० रुपयांचा हा फरक खरा आहे आणि तो आराखड्यात लिहिण्याजोगा आहे.

परंतु हे सगळे ‘८ वर्षे’ या दोन शब्दांवर उभे आहे. हेच गणित मी ४ वर्षांसाठी मांडले, म्हणजे कर्ज फिटल्याबरोबर गाडी विकली आणि जीएसटी सोडून २,००,००० रुपये हातात आले असे धरले, तेव्हा मालकीचा खर्च महिन्याला १७,१०० आला. ६ वर्षांनी १,५०,००० ला विकली तर १५,७००. तीच गाडी, तेच व्याज आणि तोच विमा असूनही फक्त किती वर्षे ठेवली यावर खर्च १४,७०० पासून १७,१०० पर्यंत हलतो. ४ वर्षांच्या हिशेबात लीज आणि मालकी यांच्यात जेमतेम ९०० रुपयांचे अंतर उरते, आणि विक्रीची किंमत अंदाजापेक्षा ३०,००० ने कमी आली की त्यातले ८०० रुपये तिथेच संपतात. म्हणून दर चार वर्षांनी नवी गाडी घेण्याची ज्यांची पद्धत आहे, त्यांनी लीजला महाग म्हणण्यात अर्थ नाही. आणि ज्यांची गाडी ७-८ वर्षे चालते, त्यांनी हप्त्याला भिऊन लीजकडे वळण्यात अर्थ नाही.

मग आपली गाडी ८ वर्षे चालेल का, हे कागदावर कसे ठरवायचे? ते मार्गावरून ठरवावे. आपण आठवड्यातून तीन दिवस शहरात, एक दिवस पंढरपूर, एक दिवस बार्शी आणि एक दिवस अक्कलकोट असा फेरा धरला, तर शहरातले १२०, पंढरपूरचे येऊन-जाऊन सुमारे १४५, बार्शीचे १४० आणि अक्कलकोटचे ८० असे आठवड्याला ४८५ किलोमीटर होतात. वर्षाच्या ५० आठवड्यांत २४,२५०. ८ वर्षांत गाडी दोन लाख किलोमीटरच्या थोडी आत राहते. वेळेवर ऑइल बदललेली आणि मर्यादेबाहेर न लादलेली छोटी मालवाहू गाडी इतकी धाव, मधे एकदा इंजिनाचे मोठे काम करून, पुरी करते असा माझ्या ग्राहकांचा अनुभव आहे. पुढच्या ४ वर्षांच्या ८५,००० रुपयांत मी ते काम धरले आहे. नियमही या अंदाजाला जुळतात : मालवाहू गाडीचे पासिंग पहिली ८ वर्षे दर दोन वर्षांनी करावे लागते आणि त्यानंतर दर वर्षी. त्यामुळे आठवे वर्ष ही हिशेब थांबवण्याची नैसर्गिक जागा आहे.

आता लीजची २,००० किलोमीटरची मर्यादा याच फेऱ्याशेजारी ठेवून पाहा. वर्षाला २४,००० ची मुभा आणि आपली धाव २४,२५०. आज ते अगदी काठोकाठ बसते. पण आषाढी-कार्तिकीला पंढरपूरला आणि जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेला मागणी वाढते, हे आपल्या आराखड्यातल्या विक्रीच्या अंदाजात आपणच धरलेले असणार. पंढरपूरची आठवड्याला एक फेरी कायमची वाढली तर वर्षाची धाव ३१,५०० वर जाते, ७,५०० किलोमीटर जादा होतात आणि ४ रुपयांनी ३०,००० रुपये, म्हणजे महिन्याला २,५०० चा बोजा पडतो. १८,००० चे २०,५०० होतात. स्वतःच्या गाडीलाही या जादा धावेची किंमत आहेच : देखभाल वाढेल आणि ८ ऐवजी ६ वर्षेच धरावी लागतील. तरी जादा धावेला किलोमीटरमागे दीड रुपया दुरुस्ती धरून माझे उत्तर १६,६०० च्या आसपास येते. विक्री वाढण्याचा अंदाज एका पानावर आणि न वाढणाऱ्या किलोमीटरची लीज दुसऱ्या पानावर, अशी विसंगती तपासणाऱ्याला लगेच दिसते.

‘भाडे पूर्ण खर्चात टाकता येते म्हणून लीजमध्ये कर वाचतो,’ असे लीज कंपनीचा प्रतिनिधी आपल्याला सांगेल. ते असत्य नाही, परंतु त्याचे वजन किती आहे ते मोजून पाहावे. मी वरचा हिशेब कर पूर्णपणे काढून टाकून, ११.५ टक्के दराने पुन्हा केला. ८ वर्षांचा मालकीचा खर्च १४,७०० वरून १४,६०० झाला. ४ वर्षांचा १७,१०० वरून १६,३००. म्हणजे करामुळे लीजला मिळणारा लाभ ४ वर्षांच्या मुदतीत महिन्याला सुमारे ८०० रुपयांचा आहे आणि ८ वर्षांच्या मुदतीत तो जवळजवळ शून्य आहे. मालकीतही घसारा, व्याज, विमा, दुरुस्ती हे सगळे खर्चात जातेच. फक्त १५ टक्के घसारा हळूहळू मिळतो म्हणून थोडा उशीर होतो. जे उद्योजक उलाढालीवर ठरावीक टक्के नफा धरण्याच्या अनुमानित योजनेत विवरण भरतात, त्यांना तर भाडे किंवा घसारा वेगळा मागताच येत नाही. त्यांनी कर शून्य धरलेलाच हिशेब लावावा. आपल्या आराखड्यात पहिली एक-दोन वर्षे तोटा दाखवला असेल तर त्या वर्षांत दोन्ही बाजूंची करबचत पुढे ढकलावी, कारण जो कर लागणारच नाही तो वाचत नाही.

जीएसटी उलाढालीच्या ठरावीक टक्क्याने भरण्याच्या कॉम्पोझिशन योजनेत असलेल्यांचे चित्र वेगळे आहे. त्यांना आयटीसी नाही, म्हणून खरेदीत ९०,००० एकदाच जातात, पण लीजच्या प्रत्येक भाड्यावरचे १८ टक्के, म्हणजे १७,५०० वर ३,१५० रुपये, दर महिन्याला बुडतात. ८ वर्षांत ते तीन लाखांच्या वर होतात. आपल्याला हे लागू नाही, परंतु पुढे पद्धत बदलायचा विचार असेल तर लक्षात असू द्यावे.

आतापर्यंतचा हिशेब खरेदीच्या बाजूने झुकला असला तरी एक गोष्ट लीजच्या बाजूने आहे आणि ती मी हलकी मानत नाही. खरेदीच्या दिवशी एकूण ६,५०,००० लागतात, बँक ५,००,००० देते, दीड लाख आपले. त्यातले ९०,००० आयटीसीच्या रूपाने परत येतात, पण ते विक्रीवरील जीएसटीतून वळते होत होत काही महिन्यांनी येतात. लीजला पहिल्या दिवशी ५२,५०० पुरतात. म्हणजे सुरुवातीला सुमारे लाखभर रुपये अडकतात. खरिपाचा शेंगदाणा बाजारात येतो तेव्हा वर्षभराची खरेदी रोखीने करणारा कारखाना आणि आडत्याकडून उधारीवर घेणारा कारखाना यांच्या भावात किती फरक पडतो, हे आपणच मला सांगू शकाल. त्या लाखभर रुपयांच्या अभावी आपल्याला महिना २ टक्क्यांची उधारी घ्यावी लागणार असेल, तर वर्षाला २४,०००, म्हणजे महिन्याला २,००० रुपये तिथेच गेले आणि ३,३०० चा फरक १,३०० वर आला. हा भार गाडीच्या हिशेबात ८ टक्के दराने दिसत नाही. तो खेळत्या भांडवलाच्या पानावर तपासावा लागतो. अनेकदा खरे उत्तर लीज हे नसून बँकेकडे खेळत्या भांडवलाची मर्यादा थोडी वाढवून मागणे हे असते.

लीजच्या करारातली दोन कलमे सही करण्यापूर्वी शब्दन् शब्द वाचावीत. एक मुदतीपूर्वी करार मोडण्याचे आणि दुसरे गाडी परत देतानाच्या स्थितीचे. अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीतील एका टॉवेल कारखान्यासाठी मी अशीच तुलना केली होती आणि त्यात परतीच्या खर्चाची ओळच नव्हती. ४ वर्षांनी गाडी परत देताना लीज कंपनीने बॉडीवरचे पोचे, फाटलेली ताडपत्री आणि घासलेले टायर यांची मोठी आकारणी केली आणि ती अनामतीतून कापून घेतली. करारात तसे लिहिलेले होते. मी ते वाचूनही त्याची रक्कम धरली नव्हती. तेव्हापासून मी लीजच्या बाजूला अनामतीचा निम्मा भाग न परतणारा धरूनही उत्तर काढून पाहतो; वरच्या १८,००० मध्ये मात्र तो धरलेला नाही. मुदतीपूर्वी करार मोडला तर उरलेल्या भाड्याचा मोठा हिस्सा देणे लागते, हेही पाहावे. पंढरपूर-बार्शीचा माल चालेल की नाही याची खात्रीच नसेल तर ४ वर्षांची लीज ही सोय नसून बंधनच आहे; अशा वेळी पहिले सहा महिने चालकासह टेम्पो फेरीवर ठरवून बाजार पाहणे आणि मग गाडी घेणे हा मार्ग मी अधिक पसंत करतो.

विजेवर चालणाऱ्या गाडीच्या बाबतीत मात्र माझा कल उलटा आहे. तिची ८ वर्षांनंतरची किंमत बॅटरीच्या स्थितीवर ठरेल आणि जुन्या बॅटरीच्या गाडीचा बाजार अजून बसलेला नाही. विक्रीच्या किमतीचा अंदाज जिथे करताच येत नाही, तिथे ती जोखीम लीज कंपनीच्या अंगावर ठेवून महिन्याला दोन-तीन हजार जादा मोजणे रास्त ठरू शकते.

आराखड्याच्या आर्थिक भागात हे कुठे आणि कसे बसवायचे, ते आता सांगतो. खरेदी दाखवली तर गाडी ५,६०,००० ला स्थिर मालमत्तेत जाते आणि ९०,००० रुपये जीएसटीच्या येण्यात. ५,००,००० मुदत कर्जात. नफा-तोटा पत्रकात फक्त व्याज, घसारा, विमा आणि देखभाल येते. हप्त्यातील मुद्दल तिथे कधीही लिहू नये. ते रोख प्रवाहात जाते. पूर्ण हप्ता खर्चात आणि शिवाय घसाराही खर्चात दाखवलेले अहवाल माझ्याकडे दुरुस्तीला येतात, त्यांत नफा दर वर्षी लाखभराने कमी दिसतो आणि ताळेबंद जुळत नाही. जुळत नाही म्हणून मग ‘इतर देणी’ या नावाखाली एक रक्कम भरलेली असते. अशी ओळ दिसली की मी प्रथम गाडीचा हप्ता तपासतो.

लीज दाखवली तर १७,५०० चे वर्षाचे २,१०,००० नफा-तोटा पत्रकात आणि ५२,५०० अनामत ताळेबंदात. गाडी मालमत्तेत नसते. कर्ज नसल्याने कर्जफेडीच्या क्षमतेचे गुणोत्तर वरवर चांगले दिसते. परंतु अनुभवी अधिकारी ४ वर्षांच्या बांधील भाड्याकडे कर्जाच्याच नजरेने पाहतो, म्हणून ती बांधिलकी टिपेत आपणच स्पष्ट लिहावी. मुदतीच्या शेवटी गाडी नाममात्र किमतीत आपल्या नावावर होणार असेल, तर ती नावापुरती लीज असते. हिशेबतपासनीस तिला मालमत्ता आणि कर्ज असेच मांडायला सांगतील.

आपल्या आकड्यांवर माझा सल्ला खरेदीचा आहे, पण आराखड्यात कारण बदलून लिहावे. ‘हप्ता भाड्यापेक्षा कमी आहे’ हे वाक्य काढून टाकावे आणि त्याजागी असे लिहावे : ‘वर्षाला सुमारे २४,००० किलोमीटर धाव धरून गाडी ८ वर्षे वापरण्याचे नियोजन आहे, या मुदतीत मालकीचा खर्च विमा व देखभालीसह महिना १४,७०० रुपये, तर लीजचा १८,००० रुपये येतो, गाडी ४ वर्षांतच बदलावी लागल्यास हा फरक ९०० रुपयांवर येतो.’ खाली ८, ६ आणि ४ वर्षांचे तीन आकडे जोडावेत, म्हणजे अधिकाऱ्यांना आपल्या गृहीतकांचा कस स्वतः पाहता येईल. पाचव्या वर्षापासूनच्या रोख प्रवाहात देखभाल आणि बदली टेम्पोचे मिळून १,०५,००० रुपये दिसले पाहिजेत. पहिल्या वर्षाचाच ५५,००० चा आकडा पुढे ओढलेला असेल तर वरची सगळी तुलना खोटी पडते. आणि चौथ्या वर्षी कर्ज फिटले की बँकेचे ना-हरकत पत्र व फॉर्म ३५ घेऊन आरटीओत नोंदणी पुस्तकावरचा बोजा त्याच महिन्यात उतरवून घ्यावा, कारण तो राहिला तर आठव्या वर्षी ग्राहक समोर असूनही गाडी त्याच्या नावावर होत नाही आणि हिशेबात धरलेले १,२५,००० रुपये अडकून पडतात.